सॅनिटायझरची बाटली आणि होस्टेलची उलटी

(धुळ्यातल्या वसतिगृह अधीक्षकांसमोरचं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार मंडळी. विषय नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा व्हायरस, पण आधी आपल्याच भागातल्या एका होस्टेलचं सांगतो, नाव घेत नाही, कारण त्या स्वयंपाकवाल्या ताईंवर झालेला अन्याय माझ्या डोक्यातून जात नाही.

सोमवारी रात्री जेवणाच्या हॉलमधे एका पोराने भसकन उलटी केली. शिपाईभाऊंनी पोछा मारला आणि त्याच बादलीच्या पाण्याने सगळा हॉल पुसला. मंगळवार शांत गेला, रात्री भरीत-भाकरी होती. बुधवारी पहाटे चारपासून संडासापुढे लाईन, उलट्या, जुलाब, आणि दुपारपर्यंत ताईंना घरी पाठवलं, भरीत बाधलं म्हणून. अहो, पण भरीत न खाल्लेली पोरंही पडली ना! आणि पहिली उलटी तर भरताच्या आदल्या दिवशीची. हा आजार शरीरात शिरल्यावर १२ ते ४८ तासांनी दिसतो, म्हणजे बुधवारचं कारण सोमवारच्या रात्री शोधायला पाहिजे होतं. पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, पण ती टेस्ट बॅक्टेरियाची, त्यात हा व्हायरस दिसतच नाही. शौचाचे नमुने पीसीआरला पाठवलेच नाहीत म्हणून शिक्का मारून सांगता येत नाही, पण चाल सगळी नोरोची. १९६८ ला अमेरिकेत नॉरवॉक गावच्या शाळेत अशीच साथ आली होती, नाव तिथूनच पडलं.

एवढं झपाट्याने का पसरतं? आजारी माणसाच्या एक ग्राम शौचात अब्जावधी कण असू शकतात आणि माणूस पाडायला शंभराच्या आतही पुरतात. उलटीचे बारीक शिंतोडे हवेत उडतात, नळाच्या तोटीवर, कडीवर, ताटावर बसतात आणि तिथे कित्येक दिवस टिकतात.

बरं, दारात सॅनिटायझर होतंच, सगळी पोरं चोळत होती. अल्कोहोल व्हायरसचं चरबीचं आवरण फोडतं, कोरोनाला ते आवरण आहे म्हणून तिथे जेल चाललं. नोरोला ते आवरणच नाही, प्रथिनाचं टणक कवच आहे. जेल त्याला थोडंफार कमी करेलही, पण भरवसा नाही, आणि हाताला लागलेली घाण तर जेलने निघतच नाही. साबणसुद्धा त्याला फारसा मारत नाही, पण २० सेकंद चोळून वाहत्या पाण्याखाली धुतलं की तो हातावरून निघून जातो. आणि नंतर सगळ्यांचा एकच टॉवेल नको!

वेळ झाली म्हणताय, पटकन सांगतो, लिहून घ्या. हातमोजे-मास्क घालून उलटी आधी कागदाने उचला, कारण घाणीतच क्लोरीन संपून जातं. मग ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक भाग, पाणी नऊ भाग, फरशीवर दहा मिनिटं राहू द्या. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर लिटरला साधारण १६ ग्राम, उघडं पोतं जुनं झालं की जोर जातो. त्यात संडासचं ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो. तो पोछा परत वापरू नका. आजारी पोराला वेगळी खोली, वेगळा संडास. स्वयंपाकातलं कोणी आजारी पडलं तर उलटी-जुलाब थांबल्यावरही ४८ तास किचनमधे येऊ देऊ नका, आणि पगार कापू नका, कापला तर पुढच्या वेळी ते लपवतील.