चार आणि एक यांच्या मधली जागा

(साताऱ्यात बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मुलांनो, फळ्यावर 30 सेंटिमीटरची रेघ ओढली आहे. डाव्या टोकाला 4 नॅनोकुलोमचा धन प्रभार, उजव्या टोकाला 1 नॅनोकुलोमचा, तोही धन. थोरला आणि धाकटा म्हणू. या रेघेवर एक जागा अशी आहे, जिथे दोघांची क्षेत्रं एकमेकांना पुरती खोडतात. तोच उदासीन बिंदू, तुमच्या तोंडचा न्यूट्रल पॉइंट.

वह्यांमध्ये एक उत्तर हमखास दिसतं: थोरल्यापासून 24, धाकट्यापासून 6. चारास एक अशी वाटणी. ताळा करू या. 24 सेंटिमीटरवर थोरल्याचं क्षेत्र 625 न्यूटन प्रति कुलोम येतं आणि 6 सेंटिमीटरवर धाकट्याचं 2500. म्हणजे धाकटाच चौपट भारी! चूक कुठे झाली? क्षेत्र अंतराच्या वर्गाने घटतं, हे सुटलं. चौपट प्रभाराशी बरोबरी करायला दुप्पट अंतर पुरतं. वाटणी दोनास एक: थोरल्यापासून 20, धाकट्यापासून 10. आता दोन्हीकडून 900. जुळलं.

काहीजण समीकरण मांडतात, तेही बघू.

```
4/x² = 1/(30 − x)²
x² − 80x + 1200 = 0
x = 20 किंवा x = 60
```

हे 60 म्हणजे धाकट्याच्या पलीकडे 30 सेंटिमीटर. बरेच जण त्यावर काट मारून पुढे जातात. मला वाटतं, तिथे घटकाभर थांबावं. त्या जागी दोघांची क्षेत्रं खरोखरच सारखी आहेत, प्रत्येकी 100. पण दोन्ही उजवीकडेच ढकलतात, म्हणून बेरीज 200 होते. समीकरणात वर्ग आहेत, आणि वर्गाला दिशा कळत नाही. धाकटा ऋण केलात तर मात्र 60 हेच खरं उत्तर, आणि 20 खोटं.

आता क्षेत्ररेषांचं चित्र. इथे सगळ्यांची गाडी अडते. थोरल्याची रेषा आणि धाकट्याची रेषा उदासीन बिंदूपाशी एकमेकींना भिडलेली काढली, की पुढे हात थांबतो. तुमच्यातले कितीजण कराडच्या प्रीतिसंगमावर जाऊन आले आहेत? कृष्णा आणि कोयना तिथे जवळजवळ समोरासमोर येतात आणि मग काटकोनात वळून पूर्वेला जातात. आपल्या रेषांचंही तसंच. सरळ रेघेवरून आलेल्या दोन रेषा उदासीन बिंदूपाशी संपतात आणि तिथून काटकोनात नव्या रेषा निघतात. फरक एवढाच, की नदीला एकच वाट मिळाली, रेषांना वर, खाली आणि फळ्याच्या पुढे-मागेही, चहूबाजूंनी वाट आहे.

म्हणून तिथे ठेवलेला धन कण रेघेवरच डावी-उजवीकडे सरकला तर परत येतो, पण किंचित वर गेला की निसटतो. आणि क्षेत्र शून्य म्हणून विभव शून्य समजू नका. तिथे विभव 270 व्होल्ट आहे.

उदासीन बिंदूतून निघालेली ही नवी रेषा हीच सगळ्या चित्राची शीव. ती आधी सरळ वर जाते, मग धाकट्याच्या बाजूला कलते. धाकट्याची एकही रेषा तिला ओलांडत नाही. त्याच्यातून डावीकडे निघालेल्या रेषाही उदासीन बिंदूआधीच वळून उजवीकडे फिरतात. थोरल्याच्या रेषा शिवेबाहेरून वळसा घालतात.

शीव किती उघडते, हे अंदाजाने काढू नका. दूरवरून पाहिलं तर दोघं मिळून 5 नॅनोकुलोमचा एकच प्रभार दिसतो, थोरल्यापासून 6 सेंटिमीटरवर, धाकट्याच्या बाजूला. त्यातला पाचवा हिस्सा धाकट्याचा, म्हणून चहूकडच्या दिशांचाही पाचवा हिस्सा त्याचा. तो शंकूच्या आकाराचा असतो, आणि शंकूचा अर्धा कोन θ धरला तर

```
(1 − cos θ)/2 = 1/5
cos θ = 3/5,  θ ≈ 53°
```

तीन-चार-पाचचा ओळखीचा त्रिकोण! त्या 6 सेंटिमीटरच्या खुणेपासून तीन घरं उजवीकडे, चार घरं वर असा पेन्सिलीने तुटक किरण काढा, तसाच एक खाली. शीव दूर गेल्यावर या किरणांना टेकत जाते.

तुम्ही थोरल्यातून 16 आणि धाकट्यातून 4 रेषा काढता, ते प्रमाण योग्य आहे. पण कागद सपाट आणि क्षेत्र तिन्ही दिशांना पसरलेलं. त्या वीस रेषा दूरवर सारख्या कोनांवर पसरवल्या तर धाकट्याच्या वाट्याला 72 अंश येतात, म्हणजे रेघेच्या दोन्ही अंगांना 36, आणि खरे तर 53 आहेत. तेव्हा आधी उदासीन बिंदू, मग तुटक किरण, मग शीव, आणि रेषा सगळ्यात शेवटी भरा.