खांब तळखड्यावरून सरकू नये म्हणून

(दृश्य : पडक्या वाड्याचा चौथरा. हातातला फोन डावीकडून उजवीकडे चालत जातो.)

या चौथऱ्यावर आता दगडी तळखडेच उरलेत. वरचे लाकडी खांब केव्हाच गेले. त्यातला एक आम्ही संगणकावर घडवला आणि त्याच्या तळखड्यावर उभा केला.

(दृश्य : पहिला प्रयत्न. खांब दगडावरून सरकतो.)

कॅमेरा पुढे गेला आणि खांब बोटभर घसरला. संगणकातला कॅमेरा आमच्या फोनच्या वाटेनं चालला नाही, की असं होतं. ती वाट चित्रणातूनच शोधावी लागते.

(दृश्य : ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर. दगडांच्या कोपऱ्यांवर छोटे चौकोन.)

प्रत्येक चौकोन एकेक कोपरा धरून फ्रेममागून फ्रेम त्याच्या मागे जातो. नीट पाहा : जवळच्या तळखड्यावरचे चौकोन भराभर सरकतात, मागच्या भिंतीवरचे सावकाश. कोण किती जवळ आणि फोन कुठून कुठे गेला, हे दोन्ही या फरकातूनच निघतं. म्हणून आम्ही चालत चित्रण केलं. एका जागी उभं राहून फोन नुसता फिरवला असता, तर हा फरक मिळालाच नसता.

फोनचं स्थिरीकरणही बंद ठेवलं. ते दर फ्रेम वेगळी कापतं, त्यामुळे भिंगाचा मध्य चित्राच्या मधोमध राहत नाही.

किमान ८ चौकोन लागतात, आम्ही २२ लावले. तरी गणितानं काढलेली जागा आणि चौकोनाची चित्रातली जागा यांत सरासरी चूक आली १.९ पिक्सेल.

(दृश्य : एका चौकोनावर झूम.)

सगळी खोट या एकात होती. भिंतीची कड आणि तिच्यापुढची कडुलिंबाची फांदी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तो बसला होता. दिसायला ठसठशीत कोपरा, पण तो ना भिंतीचा, ना फांदीचा. आपण चाललो की तोही चालतो. तो एक काढला, गणित पुन्हा केलं. चूक ०.४ पिक्सेलवर आली.

(दृश्य : चौथऱ्यावर मोजपट्टी.)

खरं माप मात्र चित्रणातून कधीच कळत नाही. खेळण्यातला चौथरा आणि खरा चौथरा कॅमेऱ्याला सारखेच दिसू शकतात. म्हणून त्याच दिवशी दोन तळखड्यांमधलं अंतर मोजलं : २.१ मीटर. तीन दगडांवरचे तीन चौकोन निवडून जमीन ठरवली, या अंतरावरून माप दिलं. खांबाची उंची तेव्हाच खरी झाली. चित्रणाला जाताना पट्टी घरी विसरू नका.

सावली आणि प्रकाश नंतर जुळवले.

(दृश्य : अंतिम चित्रण. कॅमेरा चालतो. खांब तळखड्यावर.)