दंडाची आतली बाजू

(नाशिकमधल्या एका महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आता एक काम करा. बाही वर सरकवा आणि दंडाची आतली, काखेकडची बाजू उजेडात धरा. मग तीच कातडी तुमच्या गालाशी ताडून बघा. आरसा नसेल तर शेजारणीला बघायला सांगा, ती आनंदाने सांगेल. (हशा)

दोन्ही कातड्या एकाच वयाच्या आहेत. तरी दंड आतून एकसारख्या रंगाचा, बराचसा गुळगुळीत. साठीच्या काकूंचासुद्धा. थोडा सैल पडला असेल, कोरडा झाला असेल, बारीक चुण्या असतील. वयाने जे होतं ते एवढंच. चेहऱ्यावर त्याहून जास्त जे दिसतंय, गालावरचे डाग, वांग, खरबरीतपणा, खोल रेषा, त्यातला मोठा वाटा उन्हाचा. आपल्या सावळ्या रंगाचं एक बरं असतं, सुरकुत्या उशिरा येतात. पण डाग आधी येतात. म्हणून आपल्याकडे बायका ‘म्हातारी दिसते’ असं क्वचित म्हणतात, ‘चेहरा काळवंडला’ असं म्हणतात.

ऊन म्हणजे फक्त एप्रिल-मेचं नव्हे. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकी डाव्या गालाशी. डावा गाल लोंबलेला, सुरकुत्यांनी भरलेला आणि उजवा त्यापेक्षा कितीतरी तरुण. कातडी भाजणारे किरण काच बऱ्यापैकी अडवते, पण खोलवर जाऊन कातडीचा ताण धरणारे तंतू तोडणारे किरण काचेतून आत येतात. तेव्हा गाडीची काच वर आहे, ऑफिसात खिडकीशी बसते, उन्हात जातेच कुठे, हे सगळं मला सांगू नका.

मग सनस्क्रीन. ट्यूबवर एसपीएफ ३० किंवा ५० बघा, पण तो आकडा भाजण्याविषयीचा आहे. सुरकुत्यांसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा पीए आणि पुढे तीन-चार अधिकची चिन्हं बघा. वांग असेल तर किंचित रंग असलेलं, लोहाचे ऑक्साइड घातलेलं घ्या. कारण वांग साध्या दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो आणि पांढरं सनस्क्रीन तो उजेड नीट अडवत नाही. चूक होते ती प्रमाणात. बोटावर थेंब घेऊन पावडर लावल्यासारखं पुसलं जातं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा आणि मान मिळून तेवढं लागतं. त्याच्या चौथाईत भागवलं तर डब्यावरचा आकडा विसरा. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. स्कूटरवर आपल्या मुली स्कार्फ गुंडाळतात, ते उत्तम, पण कपाळाचा आणि डोळ्यांखालचा भाग उघडाच राहतो, तिथे लावा.

ऑस्ट्रेलियात पंचावन्नच्या आतल्या नऊशेच्या वर लोकांवर साडेचार वर्षं तपासणी झाली. रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं वय मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वाढलं, असा तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रीमपासून चेहऱ्यावर चिकटवायच्या त्या कागदी मुखवट्यांपर्यंत बाजारात जे काय मिळतं त्यातल्या फार थोड्या गोष्टींना असा आधार आहे.

आता ज्यासाठी मी खास आले ती गोष्ट. पिंपळगावकडच्या एक ताई माझ्याकडे आल्या, पन्नाशीच्या. द्राक्षाच्या हंगामात बागेत उभ्या राहून काम. दोन्ही गालांवर वांग. जावेने सांगितलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब मेडिकलमधून आणली, चिठ्ठी नाही, काही नाही. पहिल्या महिन्यात चेहरा असा उजळला की वाडीतल्या चौघींनी तीच ट्यूब घेतली. चारेक महिन्यांत गाल लालसर, पुळ्या, हनुवटीवर लव वाढलेली. मलम दोन दिवस चुकलं की चुलीसमोर बसल्यासारखी जळजळ. मग ताई परत मलम लावायच्या, जळजळ थांबायची आणि त्यांना वाटायचं, मलमच औषध आहे.

अशा ट्यूबेत बहुधा तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड. पहिली दोन डॉक्टरच्या नजरेखाली कामाची आहेत. तिसरं काही आठवड्यांपुरतं. महिनोन्‌महिने लावलं की ते कातडी पातळ करतं, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात. सुरकुती जाईल म्हणून लावलेलं मलम सुरकुतीच लवकर आणतं. घरी गेल्यावर ट्यूब पालथी करून बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ दिसलं, जसं बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, तर ते चेहऱ्यावर मनाने लावायचं नाही. ताईंचं मलम आम्ही बंद केलं, साधं मॉइश्चरायझर, सौम्य सनस्क्रीन आणि काही दिवस गोळ्या. पहिले दोन आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसला, तेव्हाच बहुतेक जणी ट्यूबकडे परत वळतात. ताई टिकल्या, पण चेहरा शांत व्हायला कित्येक महिने गेले. वांग अजून थोडा आहे. तो सनस्क्रीनने धरून ठेवलाय.

नुसतं ट्रेटिनॉइन किंवा त्याचं सौम्य भावंड रेटिनॉल, हे बारीक रेषांवर खरोखर चालतं. रात्री, मटाराच्या दाण्याएवढं, सबंध चेहऱ्याला, सुरुवातीला तिसऱ्या रात्री एकदा. सोलवटणं आणि लाली होते, फरक दिसायला तीन ते सहा महिने. ज्यांना मूल हवंय किंवा दिवस गेलेत त्यांनी हात लावायचा नाही. आणि लिंबू! लिंबू चोळून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे पट्टे उठतात, त्यांचे डाग जायला महिने लागतात.

हसताना डोळ्यांकडेला, रागावताना भुवयांमध्ये ज्या रेषा पडतात, त्या क्रीमने जात नाहीत. बोटॉक्स घेतलं तर तीन-चार महिने स्नायू ढिला पडतो, मग पुन्हा घ्या. मी स्वतः घेत नाही. मुलाला दटावताना भुवया वर गेल्याच पाहिजेत, नाहीतर तो ऐकेल कशाला? (हशा) पण कुणी घेतलं तर त्यात वाईट काही नाही, फक्त ते ब्युटी पार्लरमध्ये घेऊ नका.

मागच्या रांगेतल्या आजींचा प्रश्न होता, ‘बाई, सत्तरी झाली, आता काय लावायचं?’ आजी, तुमच्या कातडीला सगळ्यात मोठी अडचण कोरडेपणाची. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांतच कातडीतला ताण धरणारा द्रव्यांश साधारण ३० टक्के घटतो आणि तेलही कमी सुटतं. नाशिकच्या थंडीत पाय फाटतात, खाज सुटते, ते यामुळे. कडकडीत पाणी नको, कोमट. साबण काखा, जांघा आणि पायांपुरता. अंग टिपून झालं की ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन चोळा. वाळल्यावर लावलंत तर निम्मा उपयोग. आणि चेहऱ्यावर एखादा तीळ नवा आला, वाढला, रक्त आलं, महिनाभर भरला नाही, तर मात्र तेल लावत बसू नका, दाखवायला या.