वालाचं बिरडं आणि संध्याकाळचं रडणं

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या वैशाखात गुहागरकडच्या एका वाडीत बाळ-बाळंतिणीला बघायला गेले होते. बाळ बरोबर सात आठवड्यांचं. आजी ओटीवर पाळण्याची दोरी ओढत बसलेली आणि आत बाळंतिणीचं ताट वाढलेलं. मी आहारतज्ज्ञ, त्यामुळे माझी नजर बाळाआधी ताटावर जाते. ताटात मऊ भात, तूप, मिरपूड आणि बिनफोडणीची दुधीची भाजी, एवढंच. वैशाखाचा महिना, पण पाण्याचा तांब्या जवळपास कुठे दिसेना.

मी विचारलं, "काकी, दुसरं काही देत नाही का हिला?"

"देत होतो गो बाय. सवा महिना झाला, म्हटलं आता घरचं सगळं खाऊ दे. पहिल्याच दिवशी वालाचं बिरडं खाल्लान, नि संध्याकाळी पोर दोन तास रडलं. वाल बंद केले. मग दही खाल्लान, परत रडलं. मग केळं. मग बांगडा. एकेक बंद करत आलो, पण पोर काय गप्प राहत नाही."

त्या घरात या चार वस्तूंचा खटला चालला आणि चौघींनाही शिक्षा झाली. रडणं मात्र होतं तसंच राहिलं. आजचं बोलणं या खटल्याबद्दलच आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर तो घरोघर चालतो.

आधी तारखा बघू. तान्ही बाळं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जास्त रडायला लागतात. साधारण सहाव्या आठवड्याला हे रडणं सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. वेळही बहुतेकदा ठरलेली, दिवेलागणीपासून रात्री नऊ-दहापर्यंत. अंगावर पिणारी बाळं अशी रडतात, तशीच डब्याच्या दुधावरचीही रडतात, आणि डब्याच्या दुधाने तर वाल खाल्लेले नसतात. आता सवा महिना म्हणजे किती? अडतीस-चाळीस दिवस. म्हणजे आपल्या रिवाजाप्रमाणे बाळंतीण पथ्य सोडून घरचं जेवायला लागते, त्याच आठवड्यात बाळाचं रडणं आपोआप शिगेला पोचतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि दोष जातो ताटातल्या नव्या पदार्थावर. काकींचं निरीक्षण खोटं नव्हतं. बिरडं खाल्लं हेही खरं आणि बाळ रडलं हेही खरं. फक्त एकामुळे दुसरं झालं नव्हतं.

वालाने पोटात वात धरतो, यात खोटं काही नाही. पण कोणाच्या पोटात? वालातली काही साखर आणि चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जंतू तो आंबवतात आणि वायू होतो. हे सगळं आईच्या आतड्यात घडतं. दूध तयार होतं ते आईच्या रक्तातून, आणि चोथा रक्तात शिरतच नाही. वायूचा थोडा अंश रक्तात मिसळतो खरा, पण तो श्वासावाटे बाहेर पडतो. बाळाच्या पोटात जो वारा असतो तो बहुतेक त्याने रडताना आणि पिताना गिळलेला. म्हणून पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आपली जुनी रीत योग्य जागी हात घालते. कोबी, वाटाणे, चण्याची डाळ यांनाही हेच लागू. तुम्हाला स्वतःला वालाचा त्रास होत असेल तर जरूर कमी खा. तो तुमच्या पोटाचा प्रश्न आहे, बाळाच्या नाही.

कोकमाचंही तसंच. सोलकढी प्यायली की अंगावरचं दूध नासतं, असं मला अनेक घरांत सांगितलंय. पातेल्यातल्या दुधात आमसूल टाकलं तर ते फाटेल, हे खरं. पण प्यायलेली सोलकढी पोटात जाते, स्तनात नाही, आणि रक्ताची आम्लता शरीर अगदी काटेकोर सांभाळतं. चार कोकमांनी ती हलत नाही. दही, केळं, काकडी 'थंड' म्हणून बाळाला सर्दी होते, हाही समज तसाच. दूध आईच्या अंगाच्याच उबेचं असतं, आणि सर्दी येते ती घरातल्या शिंकणाऱ्या माणसाकडून. ज्याला सर्दी आहे त्याने बाळाचा पापा घेऊ नये, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

लसणाचा वास मात्र दुधात उतरतो. गंमत म्हणजे बाळांना तो खटकत नाही. आयांना लसूण देऊन केलेल्या एका प्रयोगात बाळं उलट जास्त वेळ स्तनाला लागून राहिली होती.

आता त्या ताटाचा हिशेब. मी तिला आदल्या दिवशीचं सगळं खाणं आठवून सांगायला लावलं. दोन कप चहा, एक डिंकाचा लाडू, दोन वेळचा मिळून तीन वाट्या मऊ भात, त्यावर तूप, दुधी, पातळ वरण, रात्री पेलाभर दूध. बेरीज आली अंदाजे १३०० कॅलरी. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १६६० कॅलरी लागतात, आणि अंगावर पाजत असेल तर पहिले सहा महिने त्यावर आणखी ६००. म्हणजे हवं होतं २२६०, जात होतं १३००.

हे ६०० येतात कुठून? पुरतं अंगावर पिणारं बाळ दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध पितं. त्या दुधातच ५०० कॅलरी असतात, आणि उरलेल्या ते तयार करण्याच्या कामाला लागतात. गरोदरपणी अंगावर चढलेली चरबी यातला थोडा भार उचलते, म्हणून रोज वजनकाटा धरून बसायची गरज नाही. पण हजार कॅलरींची तूट कोणतीही चरबी भरून काढत नाही.

इथे एक गोष्ट नीट ऐका. आई कमी जेवली म्हणून दूध लगेच आटत नाही. दुधाचं प्रमाण ठरतं ते बाळ किती वेळा आणि किती रिकामं होईपर्यंत पितं यावर. आईचं शरीर आपल्या अंगातलं काढून दूध पुरवत राहतं, हाडांमधला कॅल्शियमसुद्धा. त्या बाईचं बाळ छान वाढत होतं. चक्कर तिला येत होती, कंबर तिची धरत होती आणि पायऱ्या चढताना दम तिला लागत होता. घरच्यांना वाटत होतं, बाळंतपणानंतर असं व्हायचंच.

६०० कॅलरींसाठी बाजारातून पावडरीचा डबा आणायला नको. नाचणीची एक मोठी भाकरी, वाटीभर कुळथाची पिठी, आमटीतला एक मध्यम बांगडा आणि एक केळं. झाल्या ६००. नाचणीत कॅल्शियम भरपूर, कुळथात प्रथिनं, बांगड्यात किंवा तारल्यांत बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी. ही चरबी दुधात किती उतरेल ते आईच्या खाण्यावर ठरतं, म्हणून मासे बंद करणं मला सगळ्यांत जास्त खटकतं. मोठी मोरी आणि थोराड सुरमई यांच्यात पारा साठतो, ती क्वचितच खावी. तारली, मांदेली, बांगडा, बोंबील बिनघोर खा. शाकाहारी घरात बांगड्याच्या जागी वाटीभर उसळ आणि वाटीभर दही घ्यावं, आणि बी-१२ ची तपासणी डॉक्टरांना विचारून करावी. आईत ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं, आणि बाळ मंद पडतं.

पाण्याचं कोडं त्या घरी वेगळंच होतं. पाण्याने पोट सुटतं, म्हणून दिवसाला चार पेले, तेही कोमट. वैशाखात, घामाने पदर ओला होत असताना! पाऊण लिटर दुधात बहुतेक पाणीच असतं, म्हणजे नेहमीपेक्षा तीनेक पेले जास्त तरी लागणार. दुसऱ्या टोकाला लांजाकडे एक आई भेटली, ती दूध वाढावं म्हणून तांब्यामागून तांब्या बळेच रिचवत होती. त्याने दूध वाढत नाही, लघवीला तेवढं जावं लागतं. तहान लागेल तेव्हा प्यायचं. बाळ अंगाला लागलं की घशाला कोरड पडते, म्हणून पाजायच्या जागी हाताशी पेला भरून ठेवावा. पेज, ताक, सोलकढी सगळं पाण्यातच धरा. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

दुधात खरोखर उतरून बाळाला भिडणाऱ्या गोष्टींकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. पहिली मशेरी. वाल बंद केलेल्या घरात सकाळी मशेरी लावणारी आई मी पाहिली आहे. तंबाखूतलं निकोटीन सरळ दुधात जातं, बाळाची झोप मोडतं. दुसरी दारू. तिसरा चहा, दोन-तीन कपांपुढे गेलेला, कारण तान्ह्याच्या अंगातून कॅफिन फार हळू बाहेर पडतं.

आणि काही थोड्या बाळांना आईने घेतलेलं गाई-म्हशीचं दूध खरंच सोसत नाही. त्याची खूण नुसतं रडणं नसते. शीत रक्ताचे धागे किंवा शेंबडासारखी चिकट शी, अंगावर न जाणारा चट्टा, वजन न वाढणं, अशी ती असते. तेव्हा डॉक्टरांना विचारून आईने दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ सोडून बघायचे आणि मग पुन्हा सुरू करून बघायचे. परत रक्त दिसलं तरच संशय खरा. ताप, हिरवी उलटी किंवा पिणंच सोडलं, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

काकींना मी भिंतीवरची दिनदर्शिका काढायला लावली. म्हटलं, चौदा दिवस बाळ किती वाजता आणि किती वेळ रडतं ते रोज त्या चौकटीत लिहायचं. सुनेने सगळं खायचं, वाल दोनदा, पण कोणत्या दिवशी खाल्ले ते तिने आपल्या वहीत लिहायचं, तुम्हाला सांगायचं नाही. स्वयंपाक सून आणि तिची जाऊ करणार, तुम्ही पंधरा दिवस चुलीकडे फिरकायचं नाही. काकी हसल्या, पण तयार झाल्या.

पंधरा दिवसांनी गेले. दिनदर्शिकेत रोज संध्याकाळी सात-सव्वासातला रडण्याची नोंद होती, कधी तासभर, कधी दोन. मी म्हटलं, "काकी, यातले वालाचे दिवस ओळखा." त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि दोन चौकटींवर बोट ठेवलं. सुनेने वही उघडली. त्या दोन्ही दिवशी घरात पडवळाची भाजी होती.

काकी क्षणभर गप्प. मग आत बघून म्हणाल्या, "आता पडवळ बंद करू नकोस हां."