सहा वर्षांच्या मुलाचा पहिला गल्ला

(पालकसभेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे वाढदिवसाच्या भेटी माझ्यासमोर रोज दप्तरातून बाहेर येत असतात. त्यातली एकच आज घेऊ या, गल्ला. काका, मावशी, आजी, कुणीतरी तो देतंच. आत पहिले अकरा रुपये टाकतात, फोटो निघतो आणि गल्ला कपाटावर जाऊन बसतो. पुढे काय होतं, त्याबद्दल बोलू.

दुकानात साधारण तीन प्रकार मिळतात. कुंभाराकडचा मातीचा, कुलूप-किल्लीचा पत्र्याचा आणि हल्लीचा बॅटरीवर चालणारा, एटीएमसारखा नोट आत ओढून घेणारा. सहा वर्षांच्या मुलाला यातला एकही देऊ नका. स्वच्छ धुतलेली, रुंद तोंडाची, आरपार दिसणारी बरणी द्या.

मातीच्या गल्ल्यावर माझा राग नाही. पण त्यात नाणं पडलं की खळ्ळकन आवाज होतो आणि विषय संपतो. वाढ दिसत नाही. फोडायचा कधी, तर भरल्यावर, म्हणजे वर्षभराने. या वयात दिवाळी संपल्यावर पुढची दिवाळी इतकी लांब असते की ती येणारच नाही असं वाटतं. दहा वर्षांच्या मुलाला मातीचा गल्ला जरूर द्या, तो मनातल्या मनात हिशेब ठेवू शकतो. बॅटरीवाल्या खेळण्यात आठवडाभर मोटरचंच कौतुक चालतं. शिवाय त्यात बटणाएवढा चपटा सेल असेल आणि घरात धाकटं भावंड असेल, तर ते खेळणं घरात आणूच नका. गिळलेला असा सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

बरणीत काय घालायचं? नोटा नकोत आणि ऑनलाइन पैसे तर नकोतच, कारण मोबाइलवर टिंग वाजलेलं मुलाला मोजता येत नाही. नाणी घाला. पण त्याआधी एक गंमत घरी करून बघा. मुलासमोर एका बाजूला एक-एक रुपयाची पाच नाणी ठेवा, दुसऱ्या बाजूला पाच रुपयांचं एकच नाणं. जास्त पैसे कुठे, विचारा. बरीच मुलं पाच नाण्यांकडे बोट दाखवतात. आपली नाणी त्यात भर घालतात. 2011 सालच्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं 25 मिलिमीटरचं आणि पाचाचं 23 मिलिमीटरचं. म्हणजे मोठं नाणं कमी किमतीचं! 2019च्या मालिकेत हे उलट झालं, पण खिशात दोन्ही येतात. मूल चुकतं ते डोळ्यांवर विश्वास ठेवून, त्याला हसू नका.

म्हणून बरणीसोबत एक खेळ द्या. आमच्या वर्गात आम्ही त्याला मोडीचा खेळ म्हणतो. एक फासा घ्या, एक रुपयाची वीसेक नाणी, पाचाची पाच-सहा आणि दहाची चार. फाशावर जेवढं पडेल तेवढे रुपये मधल्या ढिगातून घ्यायचे. हातात पाच सुटे झाले की ते ढिगात टाकून पाचाचं एक नाणं मागून घ्यायचं, दोन पाच झाले की दहाचं. वीस रुपये आधी होतील तो जिंकला. नियम एकच: मोठ्यांनी आठवण करायची नाही, मोड मुलाने स्वतः मागायची. सुरुवातीला मुलं पाच नाणी देऊन एक घ्यायला तयार नसतात, फसवल्यासारखं तोंड करतात. ज्या दिवशी तुम्ही न सांगता ‘हे घ्या सुटे, मला पाचाचं द्या’ असं येईल, त्या दिवशी ते समजलं. तोपर्यंत व्यापारसारखा मोठा खेळ उघडू नका, त्यात बँक सांभाळायला बाबाच बसतात.

आता बरणी चालवायची कशी, ते एक उदाहरण घेऊन सांगते. समजा, मुलीला साठ रुपयांची रंगपेटी हवी आहे. पुठ्ठ्याच्या पट्टीवर बारा चौकोन आखा, शेवटच्या चौकोनापुढे रंगपेटीचं चित्र तिलाच काढू द्या. दर रविवारी पाचाची चार नाणी द्या. एक तिने मनासारखं खर्चावं, चिक्की घ्यावी, फुगा घ्यावा. उरलेली तीन एकेका चौकोनावर ठेवून मग बरणीत टाकायची आणि ते चौकोन रंगवायचे. आठवड्याला पंधरा, चार रविवारी साठ. पहिलं ध्येय एवढंच लांब असावं. चारशेची बाहुली ठरवली, तर हिशेबाने सत्तावीस आठवडे लागतात, आणि तिसऱ्या आठवड्यातच पट्टी पलंगाखाली सापडते.

चारही नाणी साठवायचा आग्रह धरू नका. खर्चायला काहीच नसेल, तर निवड करायची वेळच येत नाही, मूल फक्त तुमचा हुकूम पाळतं. आणि दुसऱ्या रविवारी तिने बरणीतून नाणी काढून फुगे आणले, तर आणू द्या. तेवढे चौकोन पांढऱ्या कागदाने झाका. वरून पैसे भरून देऊ नका, भाषणही देऊ नका.

आता जरा आपल्याबद्दल. 2013 साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलं तीन ते पाच वर्षांची, संख्येने थोडीच, अठ्ठावीस. आधी मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो असं सांगितलं. काही मुलांना ते खरंच आणून दिले, काहींना ‘नाहीत, माफ कर’ म्हटलं. मग मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई समोर ठेवून सांगितलं, थांबलात तर दोन मिळतील. ज्यांना शब्द पाळणारा माणूस भेटला होता, ती सरासरी बारा मिनिटं थांबली. दुसरी तीन मिनिटं. म्हणजे ज्याला आपण मुलाचा अधीर स्वभाव म्हणतो, त्यात समोरच्या माणसाचा भरवसाही असतो.

आता आपल्या घरात बघा. रिक्षावाल्याला सुटे हवेत, मुलाची बरणी हाताशी आहे, ‘संध्याकाळी टाकते हं’. संध्याकाळी राहून जातं. भाऊबीजेच्या ओवाळणीचं पाकीट ‘आण, मी सांभाळते’ म्हणून पर्समध्ये जातं आणि त्याचं पुढे काय झालं, मुलाला कधीच कळत नाही. अशा मुलाने हातातले पैसे लगेच उडवले, तर तो त्याच्या अनुभवाने शहाणपणानेच वागतोय.

बरणीतून घ्यावंच लागलं, तर मुलाला विचारून घ्या. नाही म्हणालं तर घेऊ नका. घेतलेत, तर बरणीत चिठ्ठी टाका, ‘आईकडे दहा रुपये’, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर पैसे घालून चिठ्ठी त्यालाच फाडू द्या. ओवाळणीच्या पाचशेतले वीस बरणीत जाऊ देत, बाकीचे त्याच्या खात्यात भरा आणि पासबुकातली ती ओळ त्याला दाखवा. खातं पालकांच्या सहीनेच चालेल. स्वतः चालवायची मुभा दहा वर्षांनंतर, तीही बँकेच्या नियमांप्रमाणे. व्याज मात्र आत्ता समजावू नका. न टाकता वाढलेले पैसे पाहून मूल म्हणतं, बँकेने चुकून दिले, परत करू या.

चौथ्या रविवारी पट्टी भरली की दुकानात जाताना बरणीच न्या. बाराही नाणी त्याला काउंटरवर मोजू द्या. मागे रांग असेल, तर आधीच दुकानदाराला सांगून दुपारच्या निवांत वेळी जा. घरी आल्यावर बरणी रिकामी बघून काही मुलं रडतात, रंगपेटी हातात असूनसुद्धा. त्या दिवशी नवी पट्टी आखू नका. पुढच्या रविवारी नाणी देताना, आता काय घ्यायचं, एवढंच विचारा.