उपाशीपोटी रक्त द्यायचंय? आधी पाणी प्या

नमस्कार! मी गेली १६ वर्षं लॅबमध्ये रक्ताची सॅम्पल्स घेते. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारला की त्यावर वेगळं बोलायचं ठरवलं. प्रश्न असा : "ताई, फास्टिंग म्हणजे पाणीसुद्धा प्यायचं नाही ना?"

प्यायचं. साधं पाणी प्यायचं. रात्री तहान लागली तर प्यायचं, सकाळी उठल्यावर प्यायचं, लॅबला निघताना प्यायचं. उपाशीपोटी म्हणजे निर्जळी नव्हे. डॉक्टरांनी दुसऱ्या काही कारणासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, किंवा त्याच दिवशी भूल देऊन काही करायचं असेल, तर त्यांचं ऐका. नुसती रक्ततपासणी असेल तर पाणी बंद करू नका.

बाकीचं पटकन सांगते, बहुतेकांना माहीत असतं. फास्टिंग शुगरसाठी किमान ८ तास काही खायचं नाही. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी सोबत असेल तर साधारण ९ ते १२ तास. काही ठिकाणी हल्ली लिपिड प्रोफाइल न उपाशी राहताही करतात, त्यामुळे नाव नोंदवतानाच विचारून घ्या. तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी किंवा हिमोग्लोबिन वगैरे दाखवणारी सीबीसी एवढंच करायचं असेल तर उपाशी राहायची गरजच नाही. आदल्या दिवशी दारू नको आणि त्या सकाळी व्यायाम नको. धूम्रपानही रक्त देऊन होईपर्यंत नको.

आता पुन्हा पाण्याकडे येते, कारण सुई हातात धरणाऱ्या माणसाला त्याचा फरक लगेच कळतो.

(कोपराच्या आतली बाजू कॅमेऱ्यासमोर धरून)

आम्ही दंडाला पट्टा बांधतो आणि इथे बोटाने चाचपतो. पाणी प्यालेल्या माणसाची शीर बोटाखाली उसळते, दाबली की पुन्हा वर येते. रात्रभर पाणी न घेतलेल्या माणसाची शीर चपटी लागते, बोटाखालून सरकते. सुई आत गेली तरी रक्त थेंब थेंब येतं आणि मध्येच थांबतं. मग दुसरा हात, मग मनगटाजवळ. तुम्हाला वाटतं टोचणारीला जमत नाही. कधी तसंही असेल, पण पुष्कळदा ती शीरच रिकामी असते.

माझ्या आईचीच गोष्ट सांगते. तिची तपासणी दुसऱ्या एका लॅबमध्ये होती, मी सोबत नव्हते. आदल्या रात्री ९ वाजल्यापासून तिने पाण्याचा थेंब घेतला नाही. तिला तीनदा टोचलं, हात काळानिळा झाला. मला जास्त वाईट वाटलं ते पुढचं ऐकून. तिने बीपीची गोळीही घेतली नव्हती. का? "गोळी पाण्याबरोबर घ्यावी लागते, आणि पाणी चालत नाही." लॅबमध्ये तिचं बीपी खूप वाढलेलं निघालं आणि घरी सगळे घाबरले. हे सगळं कशातून झालं, तर घोटभर पाणी न प्याल्यामुळे.

म्हणून गोळ्यांचं नीट ऐका. बीपीची गोळी सहसा नेहमीच्या वेळी साध्या पाण्याबरोबर घेतात. डायबेटिसची गोळी आणि इन्सुलिन यांचं गणित वेगळं आहे, कारण ते घेऊन खाल्लं नाही तर शुगर खाली जाऊ शकते. "त्या सकाळी काय घेऊ, कधी घेऊ" हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. आपल्या मनाने बंदही करू नका आणि घेऊही नका. थायरॉइडची तपासणी असेल तर ती गोळी रक्त देण्याआधी घ्यायची की नंतर, तेही तेव्हाच विचारून घ्या.

एका प्रेक्षकांनी लिहिलंय, "पाण्याने रक्त पातळ होऊन रिपोर्ट चुकीचा येणार नाही का?" प्रश्न चांगला आहे. उत्तर आहे, नाही. एक-दोन ग्लास पाण्याने तुमच्या रक्तातली साखर विरघळून कमी होत नाही. जास्तीचं पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. उलट शरीर कोरडं पडलं की रक्त थोडं दाट होतं आणि काही आकडे आहेत त्यापेक्षा जास्त दिसू शकतात. पाण्यात ना साखर असते ना चरबी, त्यामुळे ते पोटात गेलं म्हणून उपास मोडत नाही. फक्त ते साधं पाणी असावं. लिंबू पिळलेलं, मध घातलेलं किंवा सरबत चालत नाही.

आता चहा. "बिनसाखरेचा चालेल ना?" "अर्धाच कप घेतला." "फक्त काळी कॉफी." यातलं काहीही चालत नाही. चहातल्या दुधात साखरही असते आणि चरबीही. काळ्या कॉफीत ती नसते, पण कॅफीनमुळे शरीर साठवलेली साखर आणि चरबी रक्तात सोडतं. साखर नसलेलं च्युइंगगमसुद्धा त्या सकाळी बाजूला ठेवा.

खाल्लेलं रक्तात दिसतं म्हणजे कसं, ते सांगते. सॅम्पल मशीनमध्ये गरागरा फिरवलं की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर सीरम राहतं. उपाशी माणसाचं सीरम फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. तेलकट, तुपकट खाऊन आलेल्याचं सीरम गढूळ दिसतं, खूप चरबी असेल तर पाणी घातलेल्या दुधासारखं. पलीकडचं बोट दिसत नाही. मग नुसते ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, एवढेच वाढलेले दिसतात असं नाही, त्या गढूळपणामुळे मशीनला बाकीच्या काही तपासण्याही नीट वाचता येत नाहीत.

यात एक फसवी गोष्ट आहे. अनेक रिपोर्टांत वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, थेट मोजलेलं नसतं, ते हिशोबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून चांगलं कोलेस्टेरॉल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भागही वजा करायचा. समजा एकूण २००, चांगलं ४५, ट्रायग्लिसराइड्स १५०. पाचवा भाग ३०, म्हणून एलडीएल १२५. आता तोच माणूस खाऊन आला आणि ट्रायग्लिसराइड्स २५० झाले. पाचवा भाग ५०, एलडीएल १०५. वाईट कोलेस्टेरॉल कमी दिसलं! माणूस खूश होतो, आणि आजार तिथेच राहतो. म्हणून "थोडंसंच खाल्लं होतं" हे लपवू नका. कुणी रागावणार नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावू, किंवा तुम्ही काय आणि किती वाजता खाल्लंत ते कागदावर लिहू, म्हणजे डॉक्टर त्या हिशोबाने रिपोर्ट वाचतील.

आता तासांचं. कमी तास चालत नाहीत हे सगळ्यांना पटतं. पण जास्त तासही चालत नाहीत, हे पटवताना माझी दमछाक होते. गेल्या वर्षी एक काका आले. संध्याकाळी ६ ला जेवले आणि सकाळी साडेअकराला लॅबमध्ये पोहोचले. मोजा, साडेसतरा तास. वर पाणीही नाही. मुद्दाम केलं होतं त्यांनी, "जास्त उपाशी राहिलं की शुगर कमी येईल" म्हणून. खुर्चीत बसले आणि कपाळावर घाम, हात गार, डोळ्यांपुढे अंधारी. आम्ही त्यांना आडवं झोपवलं, पाय वर घेतले. ते बरे झाले, पण त्या दिवशी रक्त घेतलं नाही.

आणि शुगरचं म्हणाल तर असं उपाशी राहून ती हवी तशी उतरत नाही. तुम्ही खात नाही तेव्हा यकृत साठवलेली साखर रक्तात सोडत राहतं, आणि पहाटे काही हार्मोन्स वाढतात तेव्हा तर आणखी. त्यामुळे "रात्री काहीच खाल्लं नाही तरी सकाळी १३० कशी" असं विचारणाऱ्यांनी स्वतःला दोष देऊ नका. फास्टिंग शुगर १०० च्या खाली असली की सामान्य मानतात, १२६ किंवा त्याहून जास्त आली तर सहसा पुन्हा तपासून खात्री करतात. एका आकड्यावर रात्रभर जागू नका.

म्हणून वेळ उलटी मोजा. सकाळी ८ ला रक्त द्यायचंय आणि शुगरबरोबर लिपिडही आहे? मग शेवटचा घास रात्री ९ पर्यंत. ११ तास होतात, त्यातले बहुतेक झोपेत जातात. जेवण नेहमीचंच असू द्या. साडेदहाला औषधाबरोबर दूध प्यायची सवय असेल तर तेही खाण्यातच मोजा, घड्याळ तिथून सुरू होतं. सकाळी उठून एक-दोन ग्लास पाणी, हवं तर दात घासा, पण पेस्ट गिळू नका. सोबत खायला काहीतरी घ्या.

डायबेटिस असलेल्यांसाठी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. वाट बघताना हातापायाला कंप सुटला, दरदरून घाम आला, डोकं चालेनासं झालं, तर तपासणीचा विचार सोडा. लगेच साखर किंवा ग्लुकोज खा आणि तिथल्या माणसाला सांगा. तपासणी उद्याही होते.

पूर्वी कधी रक्त देताना चक्कर आली असेल तर सुई लावायच्या आधी सांगा, आम्ही झोपवून घेतो. सुई निघाली की कापूस दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी थोडा वेळ. आणि हात कोपरात दुमडू नका, सरळ ठेवा. दुमडला की कापूस सैल होतो आणि रक्त कातडीखाली झिरपून काळा डाग पडतो. मग पिशवीतलं खाणं काढा आणि तिथेच बसून खा.