भाव कोण सांगतं, ताळेबंद की चार्ट?

नमस्कार श्रोतेहो. एखादा शेअर किंवा एखादं चलन घ्यावं की नाही हे ठरवायच्या दोन पद्धती सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, एक फंडामेंटल आणि दुसरी टेक्निकल. फंडामेंटलवाले ताळेबंद, नफा, कर्ज बघतात आणि ही वस्तू खरी कितीची असा हिशोब मांडतात, टेक्निकलवाले भावाचा चार्ट बघतात आणि लोक सध्या काय करतायत ते वाचायचा प्रयत्न करतात. दोघांची भांडणं तर कायमचीच, त्यात मी पडत नाही. मला आज एवढंच सांगायचंय की दोन्हीकडे जो आकडा इतका ठाम दिसतो ना, त्याच्या पोटात एक गृहीतक बसलेलं असतं आणि बहुतेक वेळा मार खायला लागतो तो तिथेच.

आधी फंडामेंटल. आपण एक छोटं गणित करू, कागद नसला तरी चालेल. समजा एक कंपनी आहे, पुढच्या वर्षी तिच्या हातात सगळा खर्च जाऊन 100 उरणार आहेत, आणि ही रक्कम दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढत जाणार असं आपण धरलं. आपल्याला या जोखमीवर वर्षाला 10 टक्के परतावा हवाय. मग सगळ्यात साधं सूत्र असं की 10 मधून 4 वजा करा, उरले 6 टक्के, आणि 100 ला या 6 टक्क्यांनी भागा. उत्तर येतं साधारण 1667. झालं, कंपनीची किंमत मिळाली, वाटतं किती शास्त्रशुद्ध!

आता वाढ 4 च्या जागी 5 धरा आणि परतावा 10 च्या जागी 9. खाली उरतात 4 टक्के, उत्तर येतं 2500. उलट करा, वाढ 3, परतावा 11, खाली 8, उत्तर 1250. म्हणजे कंपनी तीच, पुढच्या वर्षीचे 100 तेच, फक्त दोन अंदाज एकेक टक्का इकडेतिकडे सरकवले तर किंमत 1250 पासून 2500 पर्यंत, थेट दुप्पट. आणि पुढच्या कित्येक दशकांची वाढ 4 टक्के की 5 टक्के हे छातीठोकपणे कोण सांगणार, कंपनीचा मालक पण नाही सांगू शकत. खरे हिशोब यापेक्षा लांबलचक असतात, पाच-दहा वर्षांचं कोष्टक असतं, पण शेवटच्या ओळीत ‘त्यानंतर कायम’ म्हणून हेच सूत्र येतं आणि एकूण किमतीतला मोठा वाटा बऱ्याचदा त्या एका ओळीतूनच येतो. त्यामुळे कुणी 1642 असा अगदी नेमका आकडा ‘खरी किंमत’ म्हणून सांगितला की मला तरी आधी त्या खालच्या दोन टक्केवाऱ्या विचाराव्याशा वाटतात.

पण म्हणून सूत्र फेकून द्यायचं नाही, ते उलटं वापरायचं. बाजारात या कंपनीचा भाव 2500 चालू आहे, तुम्हाला 10 टक्के परतावा हवाय, तर बाजाराने वाढ किती धरली आहे? 6 टक्के, आणि ती पण कायमची. 6 टक्क्यांनी वाढणारी गोष्ट साधारण 12 वर्षांत दुप्पट होते, 24 वर्षांत चौपट, आणि अख्खी अर्थव्यवस्था त्याहून हळू वाढत असेल तर कधीतरी ही एकटी कंपनी तिच्यापेक्षा मोठी व्हायला पाहिजे, जे शक्य नाही. म्हणजे खरी किंमत कळली नाही, पण आजच्या भावात काय अशक्य गोष्ट धरलीये ते कळलं. फंडामेंटलचा उपयोग मला वाटतं इथे जास्त आहे. मात्र हा भाव उतरणार कधी, ते हे गणित सांगत नाही, महागडी वस्तू वर्षानुवर्षं आणखी महाग होत राहू शकते.

आणखी एक, हे सगळं कंपनीने छापलेल्या आकड्यांवर उभं असतं. अमेरिकेतल्या एन्रॉनचे आकडे खोटे होते आणि डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज जायच्या काही दिवस आधीपर्यंत रेटिंग कंपन्या तिच्या कर्जाला गुंतवणुकीलायक म्हणत होत्या. शेअरचा भाव मात्र वर्षभर घसरत होता. कोणीतरी विकत होतं, का ते चार्टला माहीत नव्हतं, पण विकतंय एवढं दिसत होतं.

मग चार्टच बरा का? तर आता स्विस फ्रँकची गोष्ट ऐका. 6 सप्टेंबर 2011 ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं की एका युरोचा भाव 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. पुढची तीन वर्षं चार्टवर 1.20 ला असा सपोर्ट दिसायचा की बघत राहावं, भाव जवळ यायचा आणि परत वर जायचा. मग लोक काय करायचे, समजा 1.2010 ला युरो घेतला आणि 1.1990 ला स्टॉपलॉस लावला, म्हणजे भाव तिथे उतरला की विकून बाहेर. नुकसान झालंच तर 0.0020, नगण्य, म्हणून उधारीवर 50 पट मोठा सौदा करायचा. कागदावर यात चूक काढता येत नाही.

15 जानेवारी 2015 ला बँकेने ती मर्यादा अचानक काढली. तीनच दिवस आधी बँकेचे उपाध्यक्ष ती कायम राहायला हवी असं म्हणाले होते, ते असो. काही मिनिटांत युरो 1 फ्रँकच्याही खाली गेला. आता तो 1.1990 चा स्टॉपलॉस, तो म्हणजे काय असतो तर भाव तिथे आला की मिळेल त्या भावाला विका अशी ऑर्डर, आणि मधे घेणारंच कोणी नव्हतं. समजा 1.00 ला विकला गेला, तर ठरवलेल्या नुकसानीच्या शंभरपट नुकसान, आणि 50 पट उधारी असेल तर भरलेल्या डिपॉझिटच्या आठपटीहून जास्त. कित्येकांचं खातं शून्याच्या खाली गेलं, वसुली न झाल्याने काही ब्रोकर पण बुडाले. चार्टच्या पोटातलं गृहीतक हेच, की त्या रेषेवर समोर घ्यायला कोणीतरी असेल. इथे तर तो कोणीतरी म्हणजे एकच बँक होती, तीन वर्षांचा चार्ट म्हणजे तिचा एक निर्णय.

ती मर्यादा राखायला युरो घेत घेत बँकेकडे परकीय चलनाचा साठा तोवर सुमारे 500 अब्ज फ्रँकवर गेला होता, तो वाचणाऱ्यांना ताण दिसतच होता, पण तारीख त्यांच्याकडेही नव्हती.

जाता जाता अजून एक, कारण हे रोज दिसतं. चार्ट बघून घेतात, दोन महिन्यांत 15 टक्के करू म्हणून, स्टॉपलॉस ठरवलेला असतो. भाव तिथे येतो आणि माणूस विकत नाही, उलट आता ताळेबंद उघडतो आणि म्हणतो कंपनी चांगली आहे, लाँग टर्म ठेवू. चार्टने घ्यायचं कारण भाव होता, ते कारण संपलं. ताळेबंदाने घ्यायचं तर वर केलं तसं गणित करून आजच्या भावात किती वाढ धरलीये ते बघायला पाहिजे होतं, ते केलेलंच नाही. त्याला विचारा की आता काय झालं तर विकशील, बघा काय उत्तर देतो.